ठराव झाला, पण वहीत लिहिलं काय?

आज आपण ग्रामसभेच्या वहीबद्दल बोलणार आहोत. सरकारी भाषेत तिला इतिवृत्त नोंदवही म्हणतात. इतिवृत्त म्हणजे सभेत जे घडलं त्याची लेखी हकीकत. कोण आलं, काय बोललं गेलं, काय ठरलं, विरोध कोणी केला, हे सगळं त्यात यावं लागतं. बचत गटात आपण दर महिन्याला असंच लिहितो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की गटाच्या वहीत चूक राहिली तर पुढच्या बैठकीत दुरुस्त करता येते. ग्रामसभेच्या वहीत एखादं वाक्य राहून गेलं, तर पंधरा वर्षांनी कुणाची तरी जमीन अडते.

आपल्या तानसा भागात ही वही कुठून आली, हे आधी सांगते.

तानसा धरण 1892 मध्ये पुरं झालं. पाणी गेलं मुंबईला. त्या काळी धरण बांधताना गावाला विचारून, गावाचं म्हणणं लिहून घ्यावं, अशी सोय कायद्यात नव्हती. ग्रामसभा हा शब्दच कायद्यात नव्हता. पण गावाचं म्हणणं कागदावर कधीच आलं नाही, असंही नाही. धरणाच्या थोडं आधी, 1878 चा जंगल कायदा आल्यावर, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठी कुरबूर सुरू झाली. कारण होतं राब. आपल्याकडे भाताचं आणि नाचणीचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजतात. त्यासाठी झाडांचा पाला तोडावा लागतो, आणि नेमकी त्यावरच बंदी यायला लागली. तक्रारी इतक्या वाढल्या की इंग्रज सरकारनं चौकशीसाठी एक आयोग नेमला. 1887 साली त्याचा अहवाल निघाला. तो ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’चा अहवाल म्हणून ओळखला जातो.

आता गंमत बघा. प्रश्न आपल्या राबाचा होता आणि अहवाल इंग्रजीत होता. ज्यांच्या शेतावरून सगळा वाद पेटला, त्यांच्यातल्या कुणालाही तो वाचून आपलं म्हणणं बरोबर आलंय का, हे बघता येणं शक्य नव्हतं. आपल्या भागाच्या जंगलाबद्दलचा इतिहास असा कितीतरी काळ दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या कपाटात राहिला.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं. 1958 साली मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला आणि त्यात गावातल्या सगळ्या मतदारांची ग्रामसभा आली. 1960 साली महाराष्ट्र झाला, 1964 साली राजभाषेचा कायदा झाला आणि कारभार मराठीत आला. वही मराठीत आली, पण मराठी कुठली? ‘सदर विषयान्वये सांगोपांग चर्चेअंती उपरोक्त प्रस्तावास सर्वानुमते मान्यता प्रदान करण्यात येत आहे.’ ही पण मराठीच आहे. पण हे वाक्य एखाद्या आजीला वाचून दाखवलं, तर कशाला मान्यता दिली हे तिला कळणार नाही. खरं सांगायचं तर कुणालाच कळणार नाही, कारण त्या वाक्यात ते लिहिलेलंच नाही.

बरीच वर्षं याचा फार तोटा जाणवला नाही. ग्रामसभा रस्ता मागायची, दिवाबत्ती मागायची, लाभार्थ्यांची यादी मंजूर करायची. वही गुळमुळीत असली तरी काम वर कुठंतरी ठरायचं. मग दोन कायदे आले आणि वहीची किंमत बदलली. पहिला 1996 चा पेसा कायदा. त्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या गावाला, अगदी पाड्यालासुद्धा, स्वतःची ग्रामसभा असल्याचं मान्य केलं. आपला शहापूर तालुका सगळाच्या सगळा अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाड तालुक्यातली 77 गावं 1985 च्या आदेशानुसार त्यात आहेत. दुसरा 2006 चा वनहक्क कायदा. जंगलजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांचे हक्क ठरवण्याचं काम सुरू करायचा अधिकार या कायद्यानं ग्रामसभेला दिला. दावा मागवणार ग्रामसभा, तपासणार ग्रामसभेनं निवडलेली वनहक्क समिती, आणि पहिला ठराव करणार ग्रामसभा. त्यानंतर तो ठराव प्रांतसाहेबांच्या उपविभागीय समितीकडे जातो, आणि तिथून कलेक्टरसाहेबांच्या जिल्हा समितीकडे. शेवटचा निर्णय जिल्हा समिती घेते. म्हणजे नुसत्या ठरावानं पट्टा मिळत नाही, हे लक्षात ठेवायचं. पण वरच्या दोन्ही समित्या टेबलावर उघडतात तो कागद आपल्या सभेचा असतो. त्यात जे लिहिलंय तेवढंच त्यांना दिसतं.

काळू धरणाची गोष्ट मुरबाडच्या बायांना माहीत आहे. धरणात जंगल आणि गावं बुडणार होती. परिसरातल्या ग्रामसभांनी धरणाविरुद्ध ठराव केले. वनजमिनीची परवानगी मिळालेली नसताना काम सुरू झालं, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 1 मार्च 2012 रोजी न्यायालयानं काम थांबवायला सांगितलं. त्या वेळी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं 3 ऑगस्ट 2009 चं एक परिपत्रक लागू होतं. जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर प्रत्येक ग्रामसभेचं संमतीचं पत्र हवं, सभेला निम्मे सभासद हजर असल्याचा दाखला हवा, आणि प्रकल्पाची पूर्ण माहिती लोकांच्या भाषेत सभेपुढे ठेवलेली असावी, असं त्यात लिहिलं होतं. पुढे 2022 च्या नियमांनी या परवानगीची पद्धत बदलली. पण 1887 चा अहवाल आणि 2009 चं परिपत्रक शेजारी ठेवून बघा. आधी गावाबद्दल परक्या भाषेत लिहिलं जायचं. नंतर सरकारलाच सांगावं लागलं की गावाला त्याच्या भाषेत समजावा आणि गावाचं उत्तर लेखी आणा.

ओडिशात नियामगिरीच्या डोंगरावर खाण काढायची होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. एप्रिल 2013 मध्ये न्यायालयानं सांगितलं की ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर होतील आणि सभा कुणाच्याही दबावाशिवाय झाली, अशी सही ते अधिकारी इतिवृत्तावर करतील. त्यानंतर बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. आपल्या सभेला न्यायाधीश येत नाहीत. म्हणून सभा खरी झाली, हे वहीनंच सिद्ध करावं लागतं.

ते कसं, हे आता एका उदाहरणावरून बघू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण नियम खरे आहेत.

समजा एका पाड्यात 240 प्रौढ माणसं आहेत आणि 18 कुटुंबांनी वनप्लॉटचे दावे केले आहेत. समितीनं जागा बघितल्या आणि आता ग्रामसभा ठराव करणार आहे. सभा झाली आणि वहीत असं लिहिलं: ‘वनहक्क दाव्यांबाबत चर्चा करण्यात आली. सदर 18 दावे सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले.

यात पहिली अडचण हजेरीची. नेहमीच्या ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी चालतात. यालाच गणपूर्ती किंवा कोरम म्हणतात. कोरम नसला तर सभा तहकूब करतात आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. वनहक्काची सभा मात्र वेगळी आहे. 2008 च्या वनहक्क नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. शिवाय दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी, स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी, हजर हवेत. तहकूब सभेची सवलत या नियमात दिलेली नाही.

आपल्या पाड्यात म्हणजे 240 पैकी 120 माणसं हवीत. 132 आली असतील तर त्यात 44 बायका तरी हव्यात. 18 दावेदारांपैकी 9 हवेत. आता वहीत नुसतं ‘हजेरी 132’ लिहिलं, तर बायका किती होत्या हे कसं कळणार? हजेरीच्या कागदावर अंगठे असतात, काही नावं अर्धवट असतात, आणि दोन वर्षांनी ती बाई होती की पुरुष हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पुरुषांची आणि बायकांची हजेरी वेगळ्या पानांवर घ्यायची. अंगठ्याच्या शेजारी पूर्ण नाव लिहायचं. आणि इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत आकडा घालायचा: ‘पाड्याचे एकूण सभासद 240. हजर 132. त्यात बायका 51, पुरुष 81. दावेदारांपैकी हजर 15.’ एवढ्या एका ओळीनं सभा कायदेशीर होती, हे समजतं. बायांनो, आपण सभेला जाऊन मागं बसलो आणि आपली मोजणीच झाली नाही, तर आपण नसल्यातच जमा होतो. सगळा ठराव त्यावर पडू शकतो.

त्याच पहिल्या ओळीत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे ही सभा कुणाची. एका ग्रामपंचायतीत चार-पाच पाडे असतात. पेसाखाली पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा झाली असेल तर वहीवर त्या पाड्याचं नाव हवं. नुसतं ‘ग्रामपंचायतीची ग्रामसभा’ असं लिहिलं तर 240 चा निम्मा की सगळ्या ग्रामपंचायतीच्या 1,500 चा निम्मा, असा वाद उभा राहतो.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. 18 दावे मंजूर, पण कशावरून? आदिवासी दावेदाराला दाखवावं लागतं की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन त्याच्या ताब्यात होती आणि तो ती कसत होता. बिगर आदिवासी कुटुंबाला तर तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, जंगलावर अवलंबून राहिल्याचा पुरावा लागतो. नियमानुसार एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे असतात. सरकारी कागद असेल तर उत्तम. जुन्या एकसाली प्लॉटची कागदपत्रं, वनखात्याच्या दंडाची पावती, हेही चालतं. ज्या पावतीनं एकेकाळी सासऱ्यांना दंड भरावा लागला, तीच आज ‘हो, इथं शेती होती’ असं सांगते. पण पावत्या बहुतेक घरांत उरलेल्या नाहीत. पावसात घर गळलं, उंदरांनी कुरतडल्या, गाव सोडून कामाला गेलो तेव्हा राहून गेल्या.

इथं कायद्यानं एक दार उघडं ठेवलंय. जागेवर दिसणाऱ्या खुणा, म्हणजे बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, घर, देवस्थान, स्मशान, हा पुरावा आहे. आणि गावातल्या जाणत्या माणसाचं सांगणं, लिहून घेतलेलं, हाही पुरावा आहे. अट एकच की ते माणूस स्वतः दावेदार नसावं. म्हणजे सासू-सून एकाच दाव्यात असतील तर सासूचं सांगणं या कामी येत नाही, शेजारच्या आजीचं येतं. आणि ते लिहिलेलं हवं. सभेत आजी उभी राहून दहा मिनिटं बोलली, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण वहीत ‘चर्चा झाली’ एवढंच आलं, तर कायद्याच्या लेखी आजी काही बोललीच नाही.

जाणत्या बाईला साल विचारलं तर ती म्हणते, ‘मला काय ठाऊक बाय, शाळेत गेले का मी.’ तिला घटना विचारायच्या. लग्न कधी झालं, थोरला कधी झाला, 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलात का, भातसा धरणाचं काम चालू होतं तेव्हा हे शेत होतं का. आणि आपल्या भागात सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न म्हणजे 26 जुलैचा पाऊस. तो महापूर 2005 सालचा. कायद्याची तारीख त्याच वर्षीच्या 13 डिसेंबरची. म्हणजे मधे जेमतेम साडेचार महिने. त्या पावसात ज्याच्या शेताचा बांध फुटला, त्याचं शेत कायद्याच्या तारखेआधी होतं, हे सरळच आहे. ही आठवण आपल्या भागात बहुतेक प्रत्येक घरात आहे.

आता त्याच सभेचं इतिवृत्त साध्या मराठीत कसं लिहायचं, ते ऐका. नावं मी गाळते, वहीत ती पूर्ण लिहायची.

‘दावा क्रमांक 7. दावेदार नवरा-बायको, दोघे हजर. जागा पाड्याच्या पूर्वेला, ओढ्याच्या वरच्या अंगाला. मोजणीत 80 आर, म्हणजे सुमारे 2 एकर. उत्तरेला ओढा, दक्षिणेला मोहाची दोन झाडं, पूर्वेला दावा क्रमांक 8 ची जमीन, पश्चिमेला पायवाट. पीक नाचणी आणि वरई. समितीनं जागा पाहिली तेव्हा खालच्या बाजूला दगडी बांध दिसला. पाड्यातल्या एक आजी, वय 76, दावेदारांच्या घरातल्या नाहीत. त्या म्हणाल्या: 26 जुलैच्या पुरात या शेताचा खालचा बांध फुटला. दिवाळी झाल्यावर आम्ही चौघी दगड वाहायला गेलो होतो. बांध त्याच्या आधीचा होता. माझं लग्न होऊन मी आले तेव्हाही तिथं वरई होती. आजींचं सांगणं वाचून दाखवलं, त्यांनी बरोबर आहे म्हटलं, अंगठा दिला. दाव्याला विरोध आहे का, असं सभेला विचारलं. कुणी विरोध केला नाही. हात वर 129, विरुद्ध 0, मत न देणारे 3. दावा मान्य.’

यात अवघड शब्द एकही नाही, तरी प्रांतसाहेबांच्या समितीला जे हवं ते सगळं आहे. जागा कुठली, किती, खूण कोणती, सांगितलं कोणी, ती दावेदार नाही हे कशावरून, आणि मतं किती. ‘सर्वानुमते’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. त्यामागे किती हात होते, हे दिसत नाही. तीन माणसं गप्प बसली असतील तर तेही लिहायचं. तीन गप्प होते असं खरंखुरं लिहिलेल्या वहीवर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो.

आणखी एक ओळ मी जोडीन. जागा बघायला जायच्या आधी समितीनं वनखात्याला लेखी कळवायचं असतं. कळवल्याची पोच जपून ठेवायची आणि तिची तारीख इतिवृत्तात घालायची. कारण पुष्कळदा नंतर आक्षेप येतो की आमचा माणूस हजर नव्हता. 2012 च्या दुरुस्तीनुसार, कळवल्याचं सिद्ध झालं तर दावा पुन्हा तपासणीला ग्रामसभेकडे येतो, आणि परत बोलावूनही वनखात्याचं कुणी आलं नाही तर जागेबाबत ग्रामसभेचं म्हणणं अखेरचं धरतात. पोच नसेल तर हे काहीच सांगता येत नाही.

आणि दावेदाराच्या नावाबद्दल. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा, असं कायदाच सांगतो. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. वहीत नुसतं नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘व कुटुंब’ असं लिहिलं, तर पुढच्या कागदावर बायकोचं नाव येताना अडतं. म्हणून पहिल्याच ठरावात दोन्ही नावं लिहून घ्यायची.

आता कुणी म्हणेल, एवढं कोण वाचतं? फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जंगलजमिनीवरून काढा. देशभर खळबळ उडाली. पंधरा दिवसांत, 28 फेब्रुवारीला, न्यायालयानंच तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं की दावे नाकारताना नीट पद्धत पाळली होती का, लोकांना म्हणणं मांडायची संधी दिली होती का. मग जुन्या फायली उघडाव्या लागल्या. पुढे 18 मे 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं आपल्या राज्यातल्या अनुसूचित क्षेत्रासाठी जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करायची सोय झाली. अशा वेळी माणूस परत उभा राहून सांगू शकतोच असं नाही. तोवर ती आजी कदाचित नसेल. तिचं 26 जुलैचं सांगणं वहीत असेल तरच ते फायलीत पुढे जातं. नियम असंही सांगतो की ग्रामसभेचा ठराव बदलायचा किंवा नाकारायचा असेल तर वरच्या समितीनं सविस्तर कारण लिहावं. ठरावातच काही नसेल तर ‘पुरावा नाही’ एवढं कारण लिहिणं सोपं जातं. पुरावा तारखेनिशी लिहिलेला असेल तर तो का मानला नाही, हे लिहावं लागतं.

तारीखही म्हणूनच महत्त्वाची. ग्रामसभेच्या ठरावावर कुणाची तक्रार असेल तर ती ठरावापासून 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे करायची असते. सभा झाली एका दिवशी आणि वही लिहिली महिन्यानं, असं झालं की ते दिवस हातातून जातात. शिवाय उशिरा लिहिलेल्या वहीत काय काय घुसतं, हे आपल्याला माहीत आहे. ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. शेवटच्या ओळीच्या आणि सहीच्या मधे मोकळी जागा आहे का? पानांना छापील किंवा सलग क्रमांक आहेत का? मधलाच एखादा ठराव दाटीवाटीनं बारीक अक्षरात आहे का? हजेरी आधी आणि मजकूर नंतर, असं कोऱ्या पानावर सह्या घेऊन झालंय का? कोऱ्या पानावर सही द्यायची नाही. सभा संपायच्या आधी लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्यायचं, शेवटच्या ओळीखाली रेघ मारायची, आणि त्या रेघेखाली अध्यक्षांची आणि सचिवांची सही घ्यायची. वही लिहायचं काम सहसा ग्रामसेवकांचं. 2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे अनेक गावं असतात, म्हणून ते घाईत असतात. गटातली एखादी शिकलेली मुलगी शेजारी बसून मुद्दे टिपत असेल तर त्यांनाही हायसं वाटतं. पण अधिकृत वही त्यांचीच. आपली वही फक्त ताडून बघायला.

शेवटी फलकाचं बोलू. मोठी वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. लोकांना दिसतो तो फलकावरचा कागद. तिथं सगळं इतिवृत्त चिकटवून उपयोग नाही, कुणी वाचत नाही. मोठ्या अक्षरांत एक पान पुरे. सभा कधी, कुठं, बायका किती, पुरुष किती. मग एकेक निर्णय एकेका ओळीत: ‘वनहक्काचे 18 दावे तपासले. 16 मान्य. 2 दाव्यांत हद्दीचा वाद, समिती पुन्हा जागा बघणार. फाईल उपविभागीय समितीकडे कोण नेणार, कधी.’ शेवटची ओळ अशी: ‘पूर्ण इतिवृत्त वहीच्या अमुक पानापासून तमुक पानापर्यंत आहे.’ या ओळीमुळे फलकावरचा कागद फाटला तरी वहीतलं पान सापडतं. आधार क्रमांक, फोन नंबर, कुणाच्या घरातलं भांडण किंवा आजार फलकावर घालायचा नाही. कागद लावल्याच्या दिवशी फोटो काढून ठेवायचा आणि एक प्रत पाड्यातल्या अंगणवाडीत ठेवायची, कारण ग्रामपंचायतीचं ऑफिस प्रत्येक पाड्याला जवळ नसतं.

वहीतल्या पानांची प्रत हवी असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. अर्जाला 10 रुपये आणि प्रत्येक पानाला 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. अर्जात ‘ग्रामसभेची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. सभेची तारीख आणि वहीचे पान क्रमांक लिहा. फलकाच्या शेवटच्या ओळीचा उपयोग इथं होतो.

पुढची ग्रामसभा होईल तेव्हा आपल्या गटातल्या दोघींनी एवढंच काम घ्या. एकीनं बायकांची हजेरी मोजायची आणि आकडा सचिवांना सांगायचा. दुसरीनं सभा उठायच्या आधी म्हणायचं, ‘भाऊ, लिहिलंय ते वाचून दाखवा.’ आणि पाड्यात सत्तरीच्या पुढच्या कोण आहेत, 26 जुलैला कुठं होत्या, हे या आठवड्यातच जाऊन विचारून घ्या.